जीभ जळते, पण तोंडात काहीच दिसत नाही

आमच्या चाळीतल्या एक वहिनी, वय 46, चार घरची धुणीभांडी करतात. पाच महिने त्यांची जीभ जळत होती. गरम चहाने भाजावी तशी जळजळ जिभेच्या शेंड्याला व कडांना, आणि ठेच्याचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. सगळे म्हणाले, तोंड आले असेल. पण तोंड उघडून पाहावे तर ना फोड, ना चट्टा, जीभ नेहमीसारखी गुलाबी. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून झाल्या, गुलकंद झाला. शेवटी घरचेच म्हणू लागले की बाईच्या मनाचे खेळ आहेत. मग आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात दंतविभागात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी प्रश्नच पुष्कळ विचारले. मिसरी लावता का? सुपारी खाता का? वहिनींनी मान खाली घालून मिसरीचे कबूल केले. बाईंनी तोंड पूर्ण उघडायला लावले व आत उभी तीन बोटे मावतात का ते पाहिले. गालाच्या आतून बोट फिरवून कुठे ताठरपणा वा पांढुरके पट्टे नाहीत ना, याची खात्री केली. सुपारी-गुटख्याने होणाऱ्या रोगातही तिखट झोंबते, पण त्यात गाल आतून आखडतो व तोंड उघडेनासे होते. तसे काही नव्हते. बुरशीची शंका नको म्हणून जीभ पुसून नमुनाही घेतला. नवी टूथपेस्ट, कवळी, रक्तदाबाची गोळी यांचीही चौकशी झाली, कारण यांतूनही जळजळ सुरू होऊ शकते.

मग त्यांनी विचारले, जळजळ कधी वाढते? वहिनी म्हणाल्या, जेवताना. बाईंच्या मते ही खूण महत्त्वाची. शरीरात काही कमी पडल्यामुळे जीभ नाजूक झाली असेल तर बहुधा खाताना झोंबते. जिभेवरची कातडी दर काही दिवसांनी नवी होते आणि त्यासाठी लोह, फॉलिक ॲसिड व बी-12 लागते. हे कमी पडले की डोळ्यांना बदल दिसण्याच्या आधीच जीभ बोलू लागते.

वहिनींच्या पिशवीत महिन्यापूर्वीचा रक्ताचा कागद होता. हिमोग्लोबिन 10.9, म्हणजे बाईमाणसाला हव्या असलेल्या 12 पेक्षा थोडे कमी. रक्तपेशींचा सरासरी आकार 88. हा 80 ते 100 असावा लागतो, म्हणून आधीच्या दवाखान्यात ‘विशेष काही नाही’ म्हणून सांगितले होते. बाईंनी मात्र त्याखालच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे आर.डी.डब्ल्यू. 21 होता. हा आकडा साधारण 15 च्या आत हवा. तो वाढला याचा अर्थ पेशी एकसारख्या नाहीत, काही बारीक, काही मोठ्या. लोह कमी पडले की पेशी बारीक होतात, बी-12 कमी पडले की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी पडले तर सरासरी बरोबर मध्ये येते आणि कागद निर्दोष दिसतो!

पुढच्या तपासणीत तेच निघाले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन 7 (15 च्या खाली म्हणजे कोठी रिकामी), आणि बी-12 130 (ते 200 च्या वर हवे). थायरॉईड ठीक होते. बुरशी निघाली नाही.

आम्हाला नवल वाटले ते बी-12 चे. ही कमतरता शाकाहाऱ्यांची असे ऐकले होते, आणि वहिनींच्या घरी तर दर रविवारी मटण. पण त्या आठ वर्षे साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात, आणि ही गोळी वर्षानुवर्षे घेतली की अन्नातले बी-12 अंगी लागणे कमी होते. तळपायाला मुंग्या येत होत्या, त्या साखरेच्या समजून सोडल्या होत्या. लोह मात्र अंगावरून जास्त जाण्यामुळे संपले होते. त्यासाठी स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी मिळाली.

बी-12 ची इंजेक्शने व लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायची नाही, हे बाईंनी दोनदा बजावले. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहण्यात धोका आहे, असेही त्या म्हणाल्या. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-12 वाचून नसांचे नुकसान चालूच राहते. दीड महिन्यात वहिनींची जीभ शांत झाली. मुंग्या अजून थोड्या आहेत, नसा सावकाश भरून येतात.

काहींचे मात्र सगळे रिपोर्ट खरोखरच चांगले निघतात. बहुतेक पाळी गेलेल्या बायका. त्यांची जळजळ सकाळी कमी, दिवस चढेल तशी वाढती, आणि खाताना उलट बरे वाटते. रोज दोन तासांहून अधिक आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त असे चालले व दुसरे कारण सापडले नाही, तरच डॉक्टर त्याला जळत्या तोंडाचा विकार म्हणतात. दोष तोंडातल्या बारीक नसांत असतो; तो कर्करोग नव्हे, आणि मनाचे खेळही नव्हेत. त्याला वेगळी औषधे आहेत, ती सर्वांना सारखी लागू पडत नाहीत.

वहिनींनी मिसरीची डबी अजून टाकलेली नाही. पुढच्या तपासणीला बाई पुन्हा तीन बोटे लावून पाहणार आहेत.