पेन ड्राइव्हला दोष देण्याआधी फाइल्स मोजा



"पेन ड्राइव्ह फारच स्लो आहे, नवीन घ्यायला हवा." शाळेच्या संगणक कक्षात हे वाक्य वारंवार ऐकू येतं. गंमत अशी की, त्याच पेन ड्राइव्हवर 300 एमबीचा व्हिडिओ चहा पिऊन होईपर्यंत जातो आणि 120 एमबीचं स्वाध्यायांचं फोल्डर मात्र पाच-पाच मिनिटं हलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की, अशा बहुतेक वेळी दोष पेन ड्राइव्हचा नसून आपल्या देण्याघेण्याच्या पद्धतीचा असतो. हजारो बारीक फाइल्सचं फोल्डर जसंच्या तसं वाटणं आपण बंद करायला हवं. का, ते हिशोबानेच बघू.

वेळ नक्की कुठे जातो?

शाळेच्या ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. एका मुलाला हजार पानांचा एक शब्दकोश द्यायचा असेल तर रजिस्टरमध्ये एकच नोंद होते. तीच हजार पानं एकेक पानाच्या हजार पत्रकांच्या रूपात द्यायची असतील तर नोंदी हजार होतात. कागद तेवढाच, पण ग्रंथपालांचा दिवस त्यातच जातो.

फाइल कॉपी करताना हेच घडतं. प्रत्येक फाइलसाठी संगणक आधी मूळ फाइल उघडतो, पेन ड्राइव्हवर तिच्या नावाची नोंद करतो, मोकळी जागा शोधतो, मजकूर लिहितो, आकार आणि तारीख नोंदवतो आणि मग फाइल बंद करतो. मध्येच अँटीव्हायरस ती फाइल तपासून घेतो. पेन ड्राइव्ह FAT32 पद्धतीचा असेल तर जागेच्या नोंदवहीच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही दुरुस्त कराव्या लागतात. फाइल 2 केबीची असो की 2 जीबीची, एवढे सोपस्कार प्रत्येकीला चुकत नाहीत.

त्यात पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपची एक अडचण आहे. तिच्यावरचा मजकूर मोठ्या मोठ्या ठोकळ्यांनीच पुसता येतो. त्यामुळे एवढीशी नोंद बदलायलाही कधी कधी आतल्या आत बराच मजकूर दुसरीकडे हलवावा लागतो. सलग एक मोठी फाइल लिहिताना हा त्रास कमी होतो, तर हजारो छोट्या नोंदी करताना सारखा होत राहतो.

दहावीच्या बीजगणितातलं उदाहरण

हे वर्गात मोजून दाखवता येतं. दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेतच. एका एमबीला लागणारा वेळ x सेकंद आणि एका फाइलच्या सोपस्कारांना लागणारा वेळ y सेकंद माना. समजा, 300 एमबीची एकच फाइल पेन ड्राइव्हवर जायला 20 सेकंद लागले. मग 6,000 छोट्या फाइल्सचं 120 एमबीचं फोल्डर कॉपी केलं, त्याला 308 सेकंद लागले.

```
300x +    1y =  20
120x + 6000y = 308
```

सोडवलं की x साधारण 0.067 येतो, म्हणजे वेग सेकंदाला 15 एमबी. आणि y येतो 0.05 सेकंद. आता 308 सेकंदांची फोड करा. मजकूर लिहायला फक्त 8 सेकंद लागले, उरलेले 300 सेकंद नोंदी करण्यात गेले! तुमच्या संगणकावर आकडे वेगळे येतील, पण समीकरणाची मांडणी हीच राहील. मुलांना स्टॉपवॉच देऊन दोन्ही मोजण्या करायला लावा, "x आणि y चा उपयोग काय?" हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

आता चौपट वेगाचा पेन ड्राइव्ह आणला असं समजा. 8 सेकंदांचे 2 होतील, पण नोंदींचा वेळ तोच राहिला तर एकूण 302 सेकंद लागतीलच. पाकिटावर छापलेला वेग बहुधा मोठी फाइल सलग वाचताना मिळणारा असतो. छोट्या फाइल्सच्या बाबतीत त्यावरून काहीच कळत नाही. चांगल्या प्रतीच्या पेन ड्राइव्हमध्ये किंवा बाहेरून जोडायच्या एसएसडीमध्ये y सुद्धा कमी होतो, हे खरं. पण पैसे खर्च करण्याआधी फुकटातला उपाय करून बघायला काय हरकत आहे?

उपाय: गठ्ठा बांधा, आणि योग्य जागी सोडा

फोल्डरची झिप फाइल केली की 6,000 नोंदींची एकच नोंद होते. झिप संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर करा आणि तयार झालेली एकच फाइल पेन ड्राइव्हवर टाका. 7-Zip हा मोफत प्रोग्राम यासाठी चांगला आहे. फोल्डरमध्ये फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असतील तर ते आधीच आवळलेले असतात, पुन्हा आवळून फारशी जागा वाचत नाही. अशा वेळी `Compression level` मध्ये `Store` निवडा, काम लवकर होतं. आपल्याला गठ्ठा बांधायचा आहे, तो लहान व्हावा हा हेतू नाही.

विंडोज 10 च्या 2018 नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज 11 मध्ये काहीही न टाकता हे काम कमांडनेही होतं. पहिली ओळ गठ्ठा बांधते, दुसरी दुसऱ्या संगणकावर तो सोडते:

```
tar -cf D:\swadhyay.tar -C D:\ swadhyay
tar -xf E:\swadhyay.tar -C D:\
```

यात E: म्हणजे पेन ड्राइव्ह. गठ्ठा E: वरून वाचला, पण सोडला D: वर, हे नीट बघा. कारण नेमकं इथेच गणित फसतं. झिप पेन ड्राइव्हवर नेऊन तिथेच `Extract` केली तर 6,000 नोंदी पुन्हा त्याच पेन ड्राइव्हवर होतात आणि वाचवलेली पाच मिनिटं परत जातात. गठ्ठा बांधल्याने नोंदींचं काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या जागी जातं. ते स्वस्तात होईल अशी जागा निवडणं आपल्या हातात आहे. संगणकाची स्वतःची डिस्क लिहायच्या गोष्टी मेमरीत साठवून एकत्र लिहू शकते. पेन ड्राइव्ह कधीही उपटला जाऊ शकतो म्हणून विंडोज त्याला ही सवलत सहसा देत नाही.

दहा संगणक आणि एक पेन ड्राइव्ह

खरा फायदा संगणक कक्षात दिसतो. दहा संगणकांवर तेच फोल्डर टाकायचं आहे. पेन ड्राइव्हवरून वाचणं हे लिहिण्यापेक्षा हलकं काम असतं, म्हणून प्रत्येक संगणकाला समजा दीड मिनिट लागलं. पेन ड्राइव्ह एकच, त्यामुळे दहा जणांची रांग लागते आणि 15 मिनिटं जातात. 35 मिनिटांच्या तासिकेत मुलं जवळजवळ अर्धा वेळ नुसती बसून राहतात.

आता गठ्ठा करून नेला. प्रत्येक संगणकावर एक फाइल कॉपी व्हायला दहा-बारा सेकंद पुरतात. पेन ड्राइव्ह पुढच्या संगणकाकडे गेला की आधीचा संगणक आपला गठ्ठा सोडायला लागतो. सोडायला दीड मिनिट लागलं तरी ते दहाही संगणकांवर जवळपास एकाच वेळी चालतं. पेन ड्राइव्ह काढा-लावायचा वेळ धरूनही पाच मिनिटांच्या आत वर्ग सुरू होतो. नवीन काहीही विकत न घेता एका तासिकेतली दहा मिनिटं परत मिळाली.

हा उपाय कुठे नको?

सगळीकडे झिप करत सुटू नका. वरच्या उदाहरणात एका फाइलच्या सोपस्कारांना 0.05 सेकंद लागत होते आणि तेवढ्या वेळात पाऊण एमबी मजकूर लिहून झाला असता. फाइल्स याहून बऱ्याच लहान असतील तर गठ्ठ्याचा फायदा आहे. पालकांनो, मोबाइलमधले स्नेहसंमेलनाचे फोटो 3-4 एमबीचे असतात. तिथे बहुतेक वेळ खरोखर मजकूर लिहिण्यातच जातो, त्यामुळे झिप करून फारसं काही हाती लागत नाही.

एकूण आकाराला फाइल्सच्या संख्येने भागलं की सरासरी कळते. फोल्डरवर राइट क्लिक करून `Properties` बघा, दोन्ही आकडे तिथे आहेत. कॉपी चालू असताना `More details` उघडलंत तर छोट्या फाइल्स आल्या की वेगाचा आलेख खाली बसलेला दिसेल. तीच ओळखीची खूण.

दर आठवड्याला तेच फोल्डर थोड्या बदलांसह न्यायचं असेल, तर सगळं पुन्हा कॉपी करण्याऐवजी फक्त बदललेल्या फाइल्स पाठवा:

```
robocopy D:\swadhyay E:\swadhyay /E /FFT
```

सहा हजारांतल्या चाळीसच बदलल्या असतील तर लिहिण्याचं काम चाळीसच फाइल्सचं होतं. `/FFT` मुळे पेन ड्राइव्हच्या वेळेतला दोन सेकंदांपर्यंतचा फरक दुर्लक्षित होतो, नाहीतर न बदललेल्या फाइल्सही बदललेल्या वाटू शकतात. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी `/MIR` लावायला सांगतात. तो समोरच्या फोल्डरमधल्या जास्तीच्या फाइल्स पुसून टाकतो. मुलांचं काम तिथे असेल तर तो वापरू नका.

गठ्ठ्याचे दोन धोकेही सांगायलाच हवेत. FAT32 पेन ड्राइव्हवर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. अशा वेळी इयत्तेप्रमाणे वेगळे गठ्ठे करा. दुसरं म्हणजे पेन ड्राइव्ह घाईने उपटला तर एक-दोन नाही, अख्खा गठ्ठा खराब होऊ शकतो. म्हणून `Eject` करा आणि 7-Zip मधलं `Test` बटण दाबून झिप नीट उतरली आहे ना, ते बघा.

इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचू देणारं किविक्स अनेकांना माहीत असेल. त्यात हजारो लेख एकाच `.zim` फाइलमध्ये असतात, आणि ती न सोडता तशीच वाचता येते. इतका मोठा ज्ञानकोश एका फाइलमध्ये फिरू शकतो, तर आपले स्वाध्याय का नाही?

म्हणून साहित्य तयार करणाऱ्या आणि प्रशिक्षणात वाटणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. इयत्तेप्रमाणे एक झिप द्या, आणि तिच्या नावातच इयत्ता, विषय आणि तारीख लिहा. बांधायचं काम देणाऱ्याने एकदाच करायचं आहे, वेळ मात्र प्रत्येक घेणाऱ्याचा वाचतो.