सही कुणाची, देणे कुणाचे

सप्तव्यसनांची नावे मोजताना द्यूत पहिले येते, हे व्यापारी घरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु तेच द्यूत घरातील कर्त्या पुरुषाच्या मोबाइलमधून पेढीच्या खात्यापर्यंत पोहोचल्याचे उघड होते, तेव्हा त्याच्या पत्नीने पहिल्या आठ दिवसांत नेमके काय करावे, हे बहुधा कुणी सांगितलेले नसते. त्या आठ दिवसांत रडणे, जाब विचारणे, माहेरी फोन करणे हे सारे होतेच. काही दारे मात्र त्याच दिवसांत बंद करावी लागतात.

उदाहरणादाखल सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एक अडत पेढी कल्पावी. सासरे आणि पती भागीदार आहेत. सून घर सांभाळते आणि पेढीच्या कागदांवर सांगतील तेथे सही करते. घरातील एका लग्नासाठी पाटल्या काढायला ती लॉकरवर गेली, तेव्हा डबा रिकामा होता. संध्याकाळी पतीच्या ड्रॉवरमध्ये सोनेतारण कर्जाची पावती सापडली. रात्री उशिरा त्याने कबुली दिली. दीड वर्षापासून क्रिकेटच्या सामन्यांवर सट्टा चालू होता. “सहा लाख, त्याहून एक रुपया अधिक नाही,” असे तो म्हणाला.

हा पहिला आकडा कधीही अखेरचा धरू नये. सट्ट्याचे देणे लपवणाऱ्याला स्वतःलाही पूर्ण बेरीज ठाऊक नसते, आणि असली तरी ती एका रात्रीत तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून सुनेने दुसऱ्या दिवशी वाद बाजूला ठेवून पतपुरवठ्याचा अहवाल मागवला. भारतात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि त्या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. पतीचा अहवाल त्याच्याच लॉगिनने, त्याच्या समक्ष आणि संमतीने काढला. तिचा तिने काढला.

त्यात आढळले ते असे. वैयक्तिक कर्ज ४ लाख २० हजार, क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार, सोनेतारण ३ लाख ५० हजार आणि मोबाइल ॲपवरून घेतलेली तीन लहान कर्जे मिळून १ लाख ३० हजार. एकूण १० लाख ८० हजार. याखेरीज अहवालात कधीच न दिसणारी दोन देणी पतीने मागाहून सांगितली. मामेभावाकडून घेतलेले हातउसने दीड लाख आणि बुकीचे दोन लाख. म्हणजे सहा लाखांचे १४ लाख ३० हजार झाले. आणि तीन ॲप-कर्जांपैकी ६० हजारांचे एक कर्ज तिच्याच नावावर होते. तिचे पॅन आणि आधार घरातच होते, ओटीपी तिच्याच फोनवर आला होता आणि फोन पतीच्या हाती होता.

येथे एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. पती-पत्नीची पत कायद्याने एक नसते. पतीने कार्डाचे हप्ते थकवले, तर केवळ विवाहामुळे ती नोंद पत्नीच्या अहवालात येत नाही, आणि बँक तिच्याकडून वसुली करू शकत नाही. तिच्यावर देणे येते ते तिच्या सहीमुळे. सहकर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून, किंवा पेढीची भागीदार म्हणून. त्यामुळे खरा प्रश्न ‘यांनी किती घालवले’ हा नसून ‘माझी सही कोठे कोठे आहे’ हा आहे.

तो शोध घेतल्यावर जे हाती आले, ते १४ लाखांहून मोठे होते. पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा ४० लाखांची होती. राहते घर त्याला तारण होते आणि सून जामीनदार होती. उचल ३१ लाख झाली होती. म्हणजे ९ लाख रुपये अजून उचलता येत होते आणि चेकवर एकट्या पतीची सही चालत होती. झालेले नुकसान झालेच होते. धोका त्या उरलेल्या ९ लाखांत होता. जिंकून सगळे भरून काढू, हा विचार सट्टेबाजाच्या मनात नेमका उघडकीस आल्यानंतरच प्रबळ होतो.

सुनेने प्रथम आपल्या हाती होते ते केले. दुसऱ्या बँकेत केवळ स्वतःच्या नावाचे खाते उघडले. फोनचा पासवर्ड, यूपीआयचा पिन आणि ई-मेलचा पासवर्ड बदलला. पॅन व आधारच्या प्रती आणि आपली कोरी चेकबुके कपाटात कुलूपबंद केली. मग संयुक्त बचत खात्याकडे वळली. ते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालत होते. अशा खात्यात एका खातेदाराने वाद असल्याचे लेखी कळवून एकट्याच्या सहीने होणारे व्यवहार थांबवण्यास सांगितले, तर सामान्यतः बँक खाते रोखते आणि पुढे दोघांच्या सहीनेच चालवू देते. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. मात्र या अर्जाने पत्नीचेही हात बांधले जातात. मुलांची फी, विम्याचा हप्ता, वीजबिल याच खात्यातून आपोआप जात असतील, तर तेही अडकतात. म्हणून आधी ते नव्या खात्यावर वळवावे आणि मग अर्ज द्यावा. हा क्रम उलटा झाला, तर पहिला चटका घरालाच बसतो.

पेढीचे प्रकरण अधिक नाजूक होते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने प्रथम पतीकडे जावे आणि मगच पत्नीकडे यावे, असे बंधन नाही. कलम १३० नुसार चालू स्वरूपाचा जामीन पुढील व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो. म्हणजे आजवरच्या ३१ लाखांची जबाबदारी सुटत नाही, उरलेल्या ९ लाखांची सुटू शकते. पण बँकेने करून घेतलेल्या जामीनपत्रात याबाबत वेगळ्या अटी असतात. ते पत्र वकिलाने वाचल्याखेरीज नोटीस पाठवू नये. शिवाय अशी नोटीस येताच बँक संपूर्ण मर्यादा गोठवण्याची शक्यता असते, आणि ऐन हंगामात अडत्याची उचल थांबली, तर शेतकऱ्यांची पट्टी भागवता येत नाही.

म्हणून सुनेने सासऱ्यांपुढे सर्व कागद मांडले. “बँकेत कळले तर पेढीची अब्रू जाईल,” असे ते म्हणाले. त्यावर तिचे उत्तर एवढेच होते, “मामंजी, बँकेला कारण सांगावे लागत नाही. आजपासून प्रत्येक चेकवर तुमची आणि यांची, दोघांची सही लागेल, एवढाच बदल करायचा आहे.” भागीदारांनी ठराव करून खात्याचे सह्यांचे अधिकार बदलले आणि नेट बँकिंगमध्येही दुसऱ्या भागीदाराची मंजुरी आवश्यक केली. मर्यादा कायम राहिली, हंगाम चालला, आणि ९ लाखांवरील एकहाती ताबा गेला. जामीन मागे घेण्याचा मार्ग तिने राखून ठेवला. (सून स्वतः भागीदार असती, तर गोष्ट आणखी कठीण होती. भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या देण्याला पूर्णपणे जबाबदार असतो, आणि निवृत्त झाल्यावरही जाहीर सूचना दिली जाईपर्यंत ती जबाबदारी चालू राहू शकते.)

यानंतर नातेवाइकांकडून हमखास येणारी सूचना आली. एकच मोठे कर्ज काढावे, सर्व लहान देणी फेडावीत, आणि व्याज कमी पडावे म्हणून सुनेला सहकर्जदार करावे. हिशेब कागदावर बरोबर दिसतो. परंतु सट्टा थांबल्याचा पुरावा हाती येण्यापूर्वी क्रेडिट कार्ड रिकामे करणे म्हणजे त्याला पुन्हा १ लाख ८० हजारांची उचल देणे होय. कार्ड आधी बंद करावे आणि बाकी हप्त्यांत फेडावी. आणि सहकर्जदाराची सही तर देऊच नये. तोंडी शब्दही जपून द्यावा. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाच्या प्रकरणात, पत्नीच्या खात्यातील देण्यासाठी पतीलाही तोंडी कबुलीच्या आधारे जबाबदार धरणारा लवादाचा निवाडा कायम ठेवला. ‘आम्ही दोघे मिळून भागवू’ हे वाक्य वसुलीला आलेल्या माणसापुढे म्हणूनच उच्चारू नये.

देण्यांचा क्रम लावताना सोनेतारण पुढे ठेवले. ते सोने स्त्रीधन होते. त्यावरील पत्नीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केला आहे. पण तो हक्क पतीविरुद्ध सांगता येतो. तारण ठेवणाऱ्या संस्थेकडून दागिने परत आणायला बहुतेक वेळा पैसेच भरावे लागतात, आणि मुदत टळली की नोटीस देऊन लिलाव होतो. वैयक्तिक कर्जाच्या एखाद्या थकलेल्या हप्त्याने पत खालावते. लिलावात गेलेल्या आजेसासूच्या पाटल्या मात्र परत येत नाहीत.

बुकीच्या दोन लाखांचा विचार निराळा आहे. करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. बुकीला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो कोरे चेक घेऊन ठेवतो. चेक परत गेल्यास तो कायदेशीर देण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. ते खोडून काढण्याचा भार चेक देणाऱ्यावर पडतो. म्हणून कोणते चेक, कोणत्या क्रमांकांचे, कुणाकडे आहेत, हे पतीकडून लिहून घेतले आणि वकिलाच्या सल्ल्याने पुढील पाऊल टाकले. संयुक्त खात्याचा चेक असला तरी ज्याने सही केली नाही, त्या खातेदारावर कलम १३८ चा खटला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. धमक्या आल्यास त्यांची नोंद ठेवून पोलिसांकडे जावे. विनापरवाना सावकारी आढळल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

राहिले तिच्या नावावरचे ६० हजार. हे कर्ज आपण घेतले नाही, अशी तक्रार कर्ज देणारी संस्था आणि पतमाहिती कंपनी यांच्याकडे करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्या तक्रारीत ओटीपी कुणी वापरला हा प्रश्न येणारच, आणि त्याचे खरे उत्तर पतीकडे बोट दाखवणारे असते. सुनेने कर्ज फेडून ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घेतला, आणि हे पैसे पतीने कसे घेतले हे त्याच्याकडून तारखेसह लिहून घेतले. दुसऱ्या एखाद्या स्त्रीने तक्रारीचा मार्ग धरला, तर तोही तिचा हक्क आहे. खोटे कारण लिहून तक्रार करणे मात्र कोणत्याही बाजूने हिताचे नाही.

पती या काळात अबोल झाला होता, झोपत नव्हता. सट्ट्याच्या देण्याखाली दबलेल्या माणसाच्या मनात टोकाचे विचार येऊ शकतात. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक सुनेने स्वतः लावून फोन त्याच्या हाती दिला.

जानेवारी २०२५ पासून कर्जाची माहिती किमान दर पंधरवड्याला अद्ययावत होते. त्यामुळे ६० हजारांची नोंद ‘बंद’ झाली की नाही, हे तिला महिन्याभरात पाहता आले. चारही कंपन्यांचे विनामूल्य अहवाल एकाच वेळी न मागवता ती आता दर तीन महिन्यांनी एकेकीकडून आपला अहवाल काढते. पतीचाही त्याच दिवशी, त्याच्या शेजारी बसून निघतो. दोन्ही प्रती पेढीच्या चोपड्यांच्या कपाटात, वर्षाच्या फाइलमध्ये लावलेल्या असतात.