झोपायला निघालेला ऑपरेटर

नाइट शिफ्ट केलेल्यांना ही वेळ बरोब्बर ठाऊक असते. काम संपलेलं असतं, पण एका मेलचं उत्तर यायचं बाकी असतं. बॅग खांद्यावर अडकवलेली असते, पण मशीन बंद करायला हात धजत नाही. १४ एप्रिल १९१२च्या रविवारी रात्री, उत्तर अटलांटिकच्या मधोमध, ‘कार्पेथिया’ नावाच्या बोटीवर २१ वर्षांचा एक पोरगा नेमका याच अवस्थेत होता. त्याचं नाव हॅरॉल्ड कॉटम.

तीन दिवसांपूर्वी न्यूयॉर्कहून निघालेली ही बोट भूमध्य समुद्राकडे चालली होती. बिनतारी संदेशांचं अख्खं खातं म्हणजे एकटा कॉटम. बदली माणूस नाही, ठरलेली शिफ्ट नाही. सकाळपासून जागं राहायचं आणि झोप आली की सेट बंद करायचा. रात्री ऑपरेटर जागा असलाच पाहिजे, असा नियमच नव्हता.

त्याच्या सेटवर घंटा नव्हती. लाउडस्पीकर नव्हता. आलेला आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायरही नव्हता. घड्याळासारखी चावी दिलेलं एक यंत्र लोखंडी तारेचा पट्टा लोहचुंबकांसमोरून हळूहळू फिरवत राहायचं. एरियलमध्ये लहर आली की हेडफोनमध्ये बारीकशी खरखर उठायची. लांब खरखर म्हणजे डॅश, छोटी म्हणजे डॉट. हा आवाज इतका क्षीण, की त्याच खोलीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही म्हणजे काही कळायचं नाही. हेडफोन कानावर असेल तरच जग तुमच्याशी बोलणार. तो काढून ठेवला, की समुद्रात कोण बुडतंय याचा पत्ताही लागणार नाही.

मध्यरात्र उलटून गेली. कॉटमने कोट काढला, पण हेडफोन तसाच डोक्यावर ठेवला. ‘पॅरिशियन’ नावाच्या बोटीला आधी पाठवलेल्या संदेशाची पोच यायची होती, तेवढ्यासाठी. पोच काही येईना. मग त्याने सहज अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं केप कॉडचं स्टेशन लावलं. ते स्टेशन ‘टायटॅनिक’साठी साठलेले निरोप पाठवत होतं. आपल्याच लाइनीतला दोस्त, सांगून टाकावं, म्हणून कॉटमने टायटॅनिकला हाक दिली : अरे मित्रा, केप कॉडकडे तुझ्यासाठी बरेच निरोप आहेत बरं का!

उत्तर आलं ते असं : ताबडतोब या. आम्ही हिमनगावर आदळलोय. सीक्यूडी आहे, मित्रा. त्यापाठोपाठ अक्षांश-रेखांश.

‘सीक्यू’ म्हणजे सगळ्या स्टेशनांना हाक, आणि पुढचा ‘डी’ म्हणजे संकट. साडेबाराला पाच-दहा मिनिटं कमी असतील. धडक बसून पाऊण तास झाला होता. कॉटमने विचारलं, कॅप्टनला सांगू का? तिकडून उत्तर : हो, लवकर!

पोरगा धावत ब्रिजवर गेला. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला घेऊन तो थेट कॅप्टनच्या केबिनमध्ये घुसला. आर्थर रॉस्ट्रन नुकतेच आडवे झाले होते. पुढे झालेल्या चौकशीत त्यांनीच सांगितलंय, की बोट वळवण्याचा हुकूम त्यांनी आधी दिला आणि ‘तुझी पक्की खात्री आहे ना?’ हे पोराला नंतर विचारलं. खोटं निघालं तर बोट परत फिरवता येते. गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

आता हिशेब बघा. कळवलेली जागा ५८ सागरी मैल दूर. बोटीचा वेग ताशी १४ मैलांच्या आसपास, म्हणजे चार तासांहून जास्त. रॉस्ट्रननी जास्तीचे कोळसेवाले कामाला लावले आणि बोट हिमनगांमधून वाट काढत सुटली. पहाटे चारच्या सुमारास ती पोहोचलीसुद्धा! कित्येक वर्षं सांगितलं गेलं, की त्या रात्री कार्पेथिया ताशी १७ मैलांनी धावली. १९८५ साली टायटॅनिकचे अवशेष सापडले, तेव्हा खरी गोष्ट कळली. कळवलेली जागाच तेरा-एक मैलांनी चुकलेली होती. कार्पेथिया आग्नेयेकडून येत होती आणि चूकही त्याच बाजूची होती, म्हणून लाइफबोटी तिला वाटेतच भेटल्या. हेच अंतर उलट दिशेला चुकलं असतं, तर त्या अंधारात शोधायला किती वेळ लागला असता?

इकडे कॉटम पुन्हा हेडफोन लावून बसला होता. पावणेदोनच्या सुमारास त्याला टायटॅनिकचा शेवटचा संदेश ऐकू आला : लवकर या, इंजिनरूममध्ये बॉयलरपर्यंत पाणी भरतंय. त्यानंतर तो हाका मारत राहिला. तिकडून काही नाही. २ वाजून २० मिनिटांनी बोट गेली. कार्पेथियाने उचललेले सातशेहून अधिक लोक वाचले.

पण त्या रात्री कार्पेथियापेक्षा कितीतरी जवळ आणखी एक बोट होती, ‘कॅलिफोर्नियन’. तिच्यावरही एकच ऑपरेटर, सिरिल इव्हान्स, वय २०. रात्री अकराच्या सुमारास त्याने टायटॅनिकला कळवलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलोय. टायटॅनिकचा ऑपरेटर जॅक फिलिप्स तेव्हा दूरच्या केप रेस स्टेशनचा बारीक आवाज कान देऊन ऐकत होता. जवळच्या बोटीचा सिग्नल कानात फटाक्यासारखा फुटला आणि दूरचा बुडाला. फिलिप्स भडकला : गप्प बस, मी कामात आहे! इव्हान्सने थोडा वेळ ऐकलं आणि साडेअकराच्या सुमारास सेट बंद करून तो झोपला. त्यानंतर जेमतेम दहा मिनिटांनी धडक बसली. त्याच्या डेकवरून आकाशात रॉकेटं दिसली, पण ऑपरेटरला कुणी उठवलं नाही. पहाटे उठवलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

इव्हान्स आळशी नव्हता. त्याचा दिवस संपला होता, इतकंच. कॉटमचाही संपलाच होता. फरक होता तो एका न आलेल्या पोचेचा.

सातशे जीव अशा योगायोगावर सोडायचे नसतात, हे नंतरच्या नियमांनी मान्य केलं. मोठ्या प्रवासी बोटींवर चोवीस तास ऐकणारा माणूस सक्तीचा झाला. पुढे रेडिओरूमच्या घड्याळावर दोन लाल पट्टे आले. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी चिडीचूप बसायचं आणि फक्त ऐकायचं. जवळच्या गोंगाटात दूरची क्षीण हाक बुडू नये, म्हणून. आणि ऑपरेटर झोपलेला असला तरी जाग यावी, म्हणून यंत्र आलं. चार-चार सेकंदांचे लांब डॅश ओळीने आले, की ते आपोआप घंटा वाजवायचं.

१९९९मध्ये बोटींवरची मोर्सची सक्ती संपली. आता लाल बटण दाबलं की आसपासच्या बोटींचे सेट स्वतःहून ठणाणा करतात, कानाला हेडफोन असो वा नसो. कॉटमकडे यातलं काहीच नव्हतं. कोट काढून झाला होता, हेडफोन काढायचा राहिला होता.