नुसता 'शुक्रवार' कळवू नका

साथींनो, चूक आमच्याच समितीची आहे, म्हणून ती आधी आम्हीच सांगतो.

किनवट भागातल्या आमच्या एका गावचा पोरगा जालना एमआयडीसीत सळईच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. बुधवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्यानं मोबाईल पाहिला. गावच्या वनहक्क समितीतल्या भाऊचा मेसेज होता, "शुक्रवारपर्यंत." पुढं काही नाही, मागं काही नाही. त्यानं फोन लावला, तर गावात रेंज नाही.

आपल्या माणसाला नुसती तारीख आली की पहिलं काय आठवतं? जागा खाली करा. त्यालाही तेच वाटलं. ठेकेदाराला कसंबसं सांगून त्यानं नंदीग्राम एक्सप्रेस धरली आणि गुरुवारी किनवटला उतरून गाव गाठलं. तीन दिवसांची मजुरी बुडाली.

गावात आल्यावर कळलं की काम दुसरंच होतं. त्याचा दावा उपविभागीय समितीनं नामंजूर केला होता. त्याविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडं अपील करायचं, म्हणजे अर्ज नांदेडला कलेक्टर कचेरीत द्यायचा होता. म्हणजे ज्या नांदेडवरून त्याची गाडी आली, तिथंच उतरायचं होतं! आणि नामंजुरीचं पत्र कुठं? जालन्याच्या खोलीवर, पेटीत. कुणा जाणकाराला दाखवावं म्हणून त्यानं ते तिकडं नेलं होतं.

असं कसं झालं? भाऊनं दोन मेसेज केले होते. पहिल्यात सगळं काम लिहिलं होतं, पण तो रेंज नसताना पाठवला आणि त्याच्याच मोबाईलमध्ये अडकला. मुदत लिहायची राहिली म्हणून रस्त्यावर येऊन दुसरा पाठवला. तो तेवढा गेला. भाऊला वाटलं, दोन्ही गेले.

आता ही मुदत काय होती ते नीट समजून घ्या. समितीनं दावा नामंजूर केला तर तो निर्णय कारणांसह दावेदाराला स्वतः कळवावा लागतो. कळवल्याच्या दिवसापासून 60 दिवसांत अपील करता येतं. या पोराला पत्र 5 मार्चला हातात मिळालं. मार्चचे उरलेले 26 दिवस, एप्रिलचे 30, असे 56 झाले. वरचे 4 धरले की 4 मे. तोच शुक्रवार. पुढं 30 दिवस वाढवून मिळू शकतात, पण ती वाढ देणं न देणं समितीच्या हातात आहे. तिच्या भरवशावर बसू नये.

शेवटी जालन्याच्या खोलीवरच्या सोबत्याला फोन लागला. त्यानं पेटी उघडून पत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. शुक्रवारी सकाळी नांदेडला त्याची प्रिंट काढली, अर्जावर सही झाली, अर्ज दिला आणि पोच घेतली. काम झालं, पण थोडक्यात वाचलो.

आमचं म्हणणं असं की कामाशिवाय तारीख पाठवणं हे काहीच न पाठवण्यापेक्षा वाईट आहे. मेसेज आलाच नसता तर भाऊनं पुन्हा फोन केला असता. अर्धा गेला म्हणून तो निर्धास्त राहिला, आणि पोरगा भलत्या गावी पळाला.

म्हणून एकाच मेसेजात सगळं घाला. काम काय, कागद कोणता, दिवस-तारीख-वेळ कोणती, जायचं कुठं. मराठीतल्या साध्या मेसेजला 70 जागा असतात, आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. नुसता 'शुक्रवारपर्यंत' हा शब्द 14 जागा खातो. त्यापेक्षा लांब लिहिलं की मेसेजचे तुकडे पडतात, आणि एखादा मागं राहू शकतो. हे पाहा, सत्तरच्या आत बसतं:

"अपिलावर सही. नामंजुरी पत्र आण. शुक्र 4 मे 12 वा. नांदेड कलेक्टर."

'पर्यंत' लिहूच नका. शुक्रवार सकाळ की संध्याकाळ, हा की पुढचा, ते त्यातून कळत नाही. कचेरी तर संध्याकाळी बंद होते. आणि "कळलं" असा उलटा निरोप येईपर्यंत काम झालं असं धरू नका.

ज्याला असा अर्धा मेसेज येईल त्यानं गाडी धरण्याआधी विचारावं, काम कोणतं, कागद कोणता, कुठं? गावात रेंज नसेल तर तालुक्याच्या साथीला विचारावं.

कचेरीतून कुणी फोनवर "शुक्रवारपर्यंत या" म्हणालं, तरी हेच विचारा. अपिलाच्या सुनावणीची तारीख किमान 15 दिवस आधी लेखी कळवायची असते आणि गावातही नोटीस लावायची असते, असा वनहक्काचा नियम आहे. लेखी द्या म्हणायला लाजू नका.

जे साहेबाकडं मागतो, ते आधी आपल्या समितीनं पाळावं.