उजळणीचे वेळापत्रक आणि झोपेचा हिशेब

नीट किंवा जेईईची तयारी करणारा विद्यार्थी दिवसाचा हिशेब बहुधा तासांत मांडतो. चौदा तास अभ्यास, पाच तास झोप, दोन धडे पूर्ण. कोटा असो वा लातूर, वसतिगृहाच्या भिंतीवर चिकटवलेली वेळापत्रके याच भाषेत बोलतात. मात्र संपवलेला धडा आठ दिवसांनी किती आठवला, या एका गोष्टीची नोंद त्यांत सहसा नसते. स्मृतीविषयी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे कळले आहे, ते पाहता ही उणीव साधी नाही. वेळापत्रकाचा पायाच तिथे चुकतो.

मुळाशी आहे कार्यकारी स्मृतीची मर्यादा. विचार करताना मन जी माहिती क्षणभर समोर धरून ठेवते, तिची जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात घटकांची मानली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांची फेरतपासणी करून ती चारच्या आसपास आणली. ही जागा सरावाने फारशी वाढत नाही. वाढू शकतो तो एकेका घटकाचा आकार.

रसायनशास्त्रातील एक नेहमीचा प्रश्न घ्यावा. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल? नायट्रोजनचा १ मोल आहे, हायड्रोजनचे ५ मोल. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे नायट्रोजन आधी संपतो. २ मोल, अर्थात ३४ ग्रॅम अमोनिया तयार होतो आणि ४ ग्रॅम हायड्रोजन उरतो. ज्याला समीकरणातील १:३:२ हे प्रमाण आणि मोलवस्तुमाने न अडखळता आठवतात, त्याच्या मनात ‘आधी काय संपेल’ या एकाच प्रश्नाला जागा मिळते. ज्याला समीकरण संतुलित करण्यापासून सुरुवात करावी लागते, त्याच्या चारही जागा तिथेच भरतात आणि मुख्य प्रश्न हातून निसटतो. निकाल लागल्यावर या चुकीला ‘सिली मिस्टेक’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दीर्घकालीन स्मृतीतून वेळेवर न आलेल्या मदतीची खूण असते.

म्हणून खरा प्रश्न असा की, मूलभूत गोष्टी दीर्घकालीन स्मृतीत पक्क्या कशा बसतात. पुन्हा पुन्हा वाचणे हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आणि सर्वाधिक फसवाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून गेला की तो येतोच आहे असा भास होतो. परीक्षेत मात्र पान समोर नसते.

आठवण्याच्या या प्रयत्नांमध्ये किती अंतर असावे, हा पुढचा प्रश्न. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, योग्य अंतर चाचणी किती दूर आहे यावर ठरते. आठवड्याने चाचणी असेल तर सुमारे एका दिवसाचे अंतर उत्तम. ३५० दिवसांनी असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे.

नीटसाठी याचा अर्थ काय? समजा, अकरावीच्या एनसीईआरटीतील अंतःस्रावी ग्रंथींचा धडा १ जुलैला समजून घेऊन पूर्ण झाला आणि परीक्षा मेच्या सुरुवातीला आहे. २ जुलैला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ग्रंथी, संप्रेरके आणि त्यांची कार्ये लिहावीत, मग पुस्तकाशी ताडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात. हेच ९ जुलैला, ३० जुलैला, सप्टेंबरअखेरीस, डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये करावे. दर वेळी पंधरा मिनिटे धरली तर सहा वेळांचे दीड तास होतात. एप्रिलमध्ये एका बैठकीत सलग उजळणी केली तरी साधारण तेवढाच वेळ जातो. या तारखा काही शिलालेख नव्हेत. अर्ध्याहून अधिक गोष्टी आठवल्या नाहीत तर पुढचे अंतर कमी करावे, सगळे सहज आठवले तर वाढवावे. थोडे अडखळत पण आठवणे, हीच अंतर योग्य असल्याची खूण.

या अंतरांच्या मधल्या रात्रीही कामाच्या असतात. स्टेफनी माझा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फ्रान्समध्ये प्रौढांना १६ फ्रेंच-स्वाहिली शब्दजोड्या शिकवल्या. एका गटाने सकाळी शिकून त्याच संध्याकाळी फेरअभ्यास केला, दुसऱ्याने संध्याकाळी शिकून सकाळी. दोन्हींत अंतर बारा तासांचेच होते, फरक होता तो मधल्या झोपेचा. झोपलेल्या गटाला सर्व जोड्या पुन्हा पक्क्या करण्यासाठी जवळपास निम्माच सराव पुरला. आठवड्यानंतर त्यांना सुमारे १५ जोड्या आठवल्या, दुसऱ्या गटाला सुमारे ११. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसमधील दिवसाच्या नोंदींची मेंदू पुनरावृत्ती करतो आणि त्या हळूहळू मेंदूच्या बाह्यकात स्थिरावतात, असे त्यामागील मान्य स्पष्टीकरण आहे. जागरणाचे नुकसान दुहेरी असते : काल शिकलेले पुरेसे स्थिरावत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवे नीट नोंदले जात नाही. झोपेतून कापलेले दोन तास वहीत अभ्यासाच्या रकान्यात जमा दिसतात, पण त्यांची वसुली दोन्हीकडून होते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. न समजलेली गोष्ट अंतर ठेवून कितीही वेळा आठवली तरी समजत नाही. परिवलन गतीचा प्रश्न प्रथम सोडवून दाखवलेल्या उदाहरणांतूनच शिकावा लागतो. वरील प्रयोगांपैकी बरेचसे शब्द, सुटी तथ्ये आणि उतारे यांवर झाले आहेत. म्हणून जीवशास्त्र आणि असेंद्रिय रसायनशास्त्रात या पद्धतीची भिस्त जितकी धरता येते, तितकी भौतिकशास्त्रातील अवघड प्रश्नांत धरता येत नाही. तिथे अंतर ठेवून नवे प्रश्न सोडवावे लागतात, जुन्या प्रश्नांची उत्तरे आठवणे पुरत नाही.

मोठी अडचण मात्र विद्यार्थ्यापेक्षा शिकवणी वर्गांच्या रचनेत आहे. साप्ताहिक चाचणी बहुधा त्याच आठवड्याच्या धड्यांवर असते, म्हणून रात्र जागून केलेल्या पाठांतराला ती चांगले गुण देते. अंतर ठेवून शिकणारा त्याच चाचणीत मागे पडतो, क्रमवारीत खाली जातो आणि आपली योग्य पद्धत सोडून देतो. प्रत्येक चाचणीतील निदान चौथा हिस्सा महिनाभर किंवा त्याहून जुन्या धड्यांवर असावा आणि त्याचे गुण वेगळे दाखवावेत, एवढा बदल कोणत्याही वर्गाला खर्चाविना करता येईल. मेमध्ये १८० मिनिटांत येणाऱ्या १८० प्रश्नांपैकी ‘या आठवड्याचा धडा’ असा एकही नसतो.