शेतकऱ्याचा पैसा पाच वर्षे कुलपात कशाला?

मार्च महिना आला की बँकांच्या शाखांतून 'टॅक्स सेव्हर' ठेवीचा आग्रह सुरू होतो. नाव ऐकायला बरे वाटते. कर वाचतो म्हणतात, मग घ्यायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या हिशेबावरूनच सांगतो.

२०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी हळद विकली. हातात दीड लाख आले. बँकेत गेले तर साहेबांनी सांगितले, "काका, ही ठेव करा, कर वाचेल." काकांनी सही केली. जूनमध्ये विहिरीवरची मोटार जळाली, बियाण्यालाही पैसे लागले. पीककर्ज आधीच उचललेले होते. काका पावती घेऊन बँकेत गेले तेव्हा कळले की ही ठेव पाच वर्षे मोडता येत नाही. बरं, पावती तारण ठेवून कर्ज तरी द्या म्हणाले, तर तेही नाही. शेवटी गावात दरमहा तीन टक्क्यांनी चाळीस हजार काढले. आठ महिन्यांत ९,६०० रुपये व्याज गेले. इकडे दीड लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज मिळाले सुमारे ९,९९० रुपये. म्हणजे ठेवीची कमाई जवळजवळ सगळी सावकाराच्या खिशात.

साहेब खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता आणि तो विचारला नाही: "काका, तुम्ही कर भरता का?" काकांचे सगळे उत्पन्न शेतीचे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. जो करच नाही तो वाचणार कुठून?

ही ठेव २००६ च्या केंद्र सरकारच्या योजनेतली. किमान १०० रुपये, आणि एका आर्थिक वर्षात कमाल दीड लाख. जितकी रक्कम ठेवली तितकी करपात्र उत्पन्नातून वजा होते, हीच तिची एकमेव खुबी. १९६१ च्या कायद्यातले कलम ८०सी ते हेच. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ते कलम १२३ झाले. ही वजावट सोडली तर ठेव साध्या पाच वर्षांच्या ठेवीसारखीच आहे. व्याज सहसा तेवढेच, फक्त कुलूप जास्त. ठेवीदार मरण पावला तरच वारसदार ती मुदतीआधी काढू शकतो. काकांनी तेच दीड लाख साध्या ठेवीत ठेवले असते तर पावतीवर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जादा व्याजाने कर्ज मिळाले असते. साडेआठ टक्के धरा, चाळीस हजाराला आठ महिन्यांचे व्याज २,३०० रुपयांच्या आत. नाहीतर थोडा दंड भरून ठेवच मोडता आली असती.

आता दुसरा गैरसमज, आणि हा फार पसरलेला आहे. "पैसा शेतीचा, म्हणून व्याजही शेतीचे" असे पारावर कोणीही ठणकावून सांगतो. तसे नाही. हळद विकून आलेले पैसे करमुक्त, पण ते बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज हे 'इतर उत्पन्न' असते आणि ते करपात्र आहे. 'टॅक्स सेव्हर' या नावातला टॅक्स तुम्ही ठेवलेल्या मुद्दलापुरता वाचतो, व्याजावरचा नाही. नावानेच घोटाळा केला आहे.

काकांना व्याजावर कर भरावा लागणार नाही, कारण त्यांचे शेतीबाहेरचे उत्पन्न एवढेसे व्याजच आहे. पण ज्याची मोठी जमीन संपादनात गेली आणि मोबदल्याच्या ठेवी बँकेत आहेत, त्याने सावध राहावे. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतील सगळ्या शाखांचे मिळून वर्षाचे व्याज ५० हजारांवर गेले (साठी ओलांडलेल्यांना एक लाखावर) की बँक दहा टक्के कर आधीच कापते. पॅन दिला नसेल तर वीस टक्के. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणापत्र द्यायचे. १५जी, आणि ज्येष्ठांसाठी १५एच, या नावांनी ते ओळखीचे आहे.

आता ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, गुरुजी यांच्याकडे वळू. तुम्ही कर भरणारे, तेव्हा ही ठेव तुमच्यासाठी असेल असे वाटते. पण आधी बघा, तुम्ही कोणत्या पद्धतीने कर भरता? २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते, आणि तिच्यात ही वजावट मिळतच नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. नऊ-दहा लाख पगाराच्या माणसाने या ठेवीत पैसे अडकवून एक रुपयाही वाचत नाही. तरी आमच्याच कार्यालयात मागच्या मार्चमध्ये दोघांनी जुन्या सवयीने पावत्या आणल्या. सवयच ती!

उरले कोण? घरकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, आरोग्य विमा अशा मोठ्या वजावटी मिळून ज्यांना जुनी पद्धतच स्वस्त पडते, असे थोडे लोक. त्यांनीही आधी दीड लाखाची मर्यादा किती भरली ते पाहावे. भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, मुलांची शिकवणी शुल्के, घरकर्जाचे मुद्दल हे सगळे त्याच दीड लाखात येते. समजा एक लाख वीस हजार आधीच भरले. मग ठेव फक्त तीस हजारांची करा. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून तीस हजारांवर ६,२४० रुपये वाचतील. त्यापुढची ठेव म्हणजे विनाकारण कुलूप.

ज्याची पूर्ण दीड लाखाची जागा रिकामी आहे, त्याचे सुरुवातीला ३१,२०० वाचतात. साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षांत व्याज होईल सुमारे ५७ हजार, त्यावर कर जाईल जवळपास १२ हजार. तरी फायदा उरतो. अट एकच, तो पैसा पाच वर्षे लागणार नाही याची खात्री हवी.

व्याजाबाबत एक चूक मात्र शिकलेसवरलेलेही करतात. ठेव मुदतीअंती एकरकमी मिळणारी असेल तर ते पाचव्या वर्षीच व्याज दाखवतात, किंवा दाखवतच नाहीत. दीड लाखावर वर्षाला दहा हजार व्याज, म्हणून बँक कर कापत नाही, आणि कापला नाही म्हणजे लागत नाही असा समज होतो. बँक दरवर्षी जमा होणारे व्याज आयकर खात्याला कळवते. ते तुमच्या पॅनवर वार्षिक माहिती विवरणात दिसते. विवरणपत्र भरताना तो आकडा उघडून पाहा आणि त्या त्या वर्षी उत्पन्नात धरा. घरी शेतीही असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पाच हजारांवरचे शेती उत्पन्न कराचा दर ठरवताना मोजले जाते, तेही लपवू नका.

शेवटी पावतीबद्दल. पतसंस्थेतल्या ठेवीवर ही वजावट मिळत नाही. सहकारी बँक असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे का ते विचारा. आणि सही करण्यापूर्वी अर्जावर 'टॅक्स सेव्हर' किंवा '२००६ ची योजना' असे छापले आहे का ते घरच्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. काकांची पावती २०२९ च्या मार्चमध्ये सुटणार आहे.