रिकाम्या ब्रीफची आरती

जाहिरातीत नव्याने आलेल्या पोरांनी ब्रीफवर प्रश्न विचारू नयेत, गुपचूप कामाला लागावं. ब्रीफ जितका मोघम तितकी कल्पनेला मोकळीक जास्त. आमच्या काळी दोन ओळींचे ब्रीफ यायचे आणि त्यातूनच मोठी कामं झाली. असा उपदेश एका ज्येष्ठाने नुकताच इंटर्न मंडळींना केला. टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत रात्री अकराला चौथ्या राउंडचे बदल करत बसणारं कुणी नसावं.

दोन ओळींचं आधी संपवतो. नेमकी गोष्ट दोन ओळींत मावते आणि मोघमपणा चाळीस स्लाइडींतही पुरून उरतो. लांबीचा इथे संबंध नाही.

खरा राग आहे तो त्या ‘मोकळीक’ शब्दाचा. समजा, थालीपीठ भाजणीच्या एका ब्रँडचा ब्रीफ आला. उद्दिष्ट : ब्रँडची ओळख वाढवणे. टीजी : १८ ते ४५, शहरी, स्त्री-पुरुष. संदेश : परंपरा आणि आधुनिकतेचा संगम, उत्तम दर्जा, घरची चव. टोन : भावनिक, मजेशीर, प्रीमियम तरी आपलासा. काम : ३० सेकंदांची एक फिल्म, ६ पोस्ट. मंगळवारी प्रेझेंटेशन.

इंटर्न विचारते, ‘‘सर, यात वाईट काय आहे? सगळे रकाने भरलेत की!’’

रकाने भरलेत, हे खरंच. आता ‘भाजणी’ खोडून तिथे लोणचं लिही. मग पैठणी लिही. ब्रीफला काही होत नाही, म्हणजे तो भाजणीचा ब्रीफच नव्हे. आता एकेक वाक्य उलटं करून वाच. ‘उत्तम दर्जा’च्या उलट काय? सुमार दर्जा. आमचा माल सुमार आहे असं सांगायला कुठला ब्रँड पुढे येणार आहे? ज्या वाक्याची उलट बाजू कुणीच घेणार नाही, त्या वाक्यात निवड झालेली नसते. ‘आपण महाग आहोत, पण ताजे आहोत’ हे वाक्य मात्र उलटवता येतं. ‘ताजं नसेना का, पण स्वस्त’ यावर धंदा करणारे बाजारात खंडीभर आहेत. म्हणजे इथे कुणीतरी काहीतरी सोडून दिलंय.

‘‘पण निवड झाली नसेल, तर ती आपण करावी, हीच मोकळीक ना?’’

नाही ना! मोघम ब्रीफमध्ये निवड झालेली नसते, पण ती करायचा अधिकारही तुला मिळालेला नसतो. मंगळवारी तू आजी-नातीची हळवी फिल्म घेऊन जातेस. मालकांना त्यात आजी दिसते, ते खूश. मार्केटिंगवाल्या बाईंच्या डोक्यात विनोदी फिल्म होती. सेल्सच्या साहेबांना पाकीट मोठं हवं होतं. तिघांच्या मनात तीन ब्रीफ, आणि तिघांनाही कागदावरचा एकच ब्रीफ आपला वाटलेला, कारण त्यात सगळंच लिहिलेलं होतं. मग येतं ते सुप्रसिद्ध वाक्य : ‘छान आहे, पण काहीतरी मिसिंग आहे.’ मिसिंग आहे तो निर्णय. तो शेवटी होतोच, फक्त तुझ्या तीन फिल्म मारून होतो. याला मोकळीक म्हणणाऱ्याने एकदा त्या तिसऱ्या मीटिंगला बसून दाखवावं.

‘‘मग विचारायचं काय?’’

पहिला प्रश्न : विक्री कुणाकडून ओढायची आहे? दुसऱ्या पाकीटबंद भाजणीकडून, घरच्या भाजणीकडून, की सकाळच्या पोह्यांकडून? तीन उत्तरांच्या तीन वेगळ्या फिल्म होतात. समजा उत्तर आलं, घरच्या भाजणीकडून. मग दुसरा प्रश्न : जिच्याकडे घरची भाजणी येते, ती आपलं पाकीट का घेत नाही? इथे क्लायंट हमखास म्हणतो, ‘तिला आपण माहीतच नाही.’ लगेच मान डोलावू नये. दुकानात जावं, दोघी-तिघींशी बोलावं. पुण्यात नोकरी करणारी, गावाहून आईची भाजणी येणारी एखादी सांगेल की पाकीट तिला माहीत आहे, एकदा आणलंही होतं, पण फोडल्यावर खवट वास आला. भाजलेलं धान्य दळलं की त्याचा वास उडत जातो आणि पीठ जुनं झालं की खवटपणा धरतं, हे तिला आईमुळे ठाऊक आहे. दुकानात पडलेली भाजणी कधी दळली, हे मात्र ठाऊक नाही. अडचण ओळखीची नव्हतीच, अडचण शंकेची होती. म्हणजे ‘ओळख वाढवणे’ हे उद्दिष्टच चुकलं होतं, आणि मोकळीकवाल्यांनी त्यावर सुंदर फिल्म केली असती.

तिसरा प्रश्न : ही शंका फिटेल असं आपल्याकडे काय आहे? काही नसेल, तर जाहिरात करून उपयोग नाही. दळल्याची तारीख पाकिटाच्या दर्शनी बाजूला छापायची कंपनीची तयारी असेल, तर ब्रीफ तयार झाला : आईची भाजणी संपते आणि पुढची यायला वेळ असतो, त्या दिवसांत तिने आपलं पाकीट घ्यावं, कारण ते कधी दळलं हे तिला दिसतं. परंपरा नाही, संगम नाही.

आमच्या काळचे दाखले देणाऱ्यांसाठी एक दाखला. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या दूध प्रक्रिया मंडळासाठी ‘गॉट मिल्क?’ ही मोहीम झाली. दूध तब्येतीला चांगलं, हे आधीच्या जाहिराती सांगून थकल्या होत्या. लोकांना ते पटलेलंच होतं आणि खप घसरतच होता. नवी मोहीम दूध न पिणाऱ्यांच्या मागे लागलीच नाही. घरात दूध असणाऱ्यांना तिने दूध संपल्याचा क्षण दाखवला : तोंडात पीनट बटरचा घास, फोनवर बक्षिसाचा प्रश्न, उत्तर पाठ, आणि दुधाचा खोका रिकामा. इतकी अरुंद वाट आखून दिली, म्हणून ती फिल्म सुचली.

आकड्यांनी फसू नये, हेही सांगून टाकतो. ‘२५ ते ३४ वयाच्या महिला, मुंबई-पुणे-नाशिक, विक्रीत २० टक्के वाढ’ हे टोकदार दिसतं. त्यात निर्णय एकही नाही. २० टक्के हे सेल्सचं उद्दिष्ट झालं. जाहिरात पाहून त्या बाईने काय वेगळं करायचं, ते कुठे लिहिलंय?

   

‘‘पण सर, मी इंटर्न. ब्रीफ परत कसा पाठवू?’’

परत पाठवू नकोस. आपल्या भाषेत तीन वाक्यं लिही : कुणी, आज जे करते त्याऐवजी काय करावं, आणि तिने आपल्यावर विश्वास का ठेवावा. क्लायंट सर्व्हिसिंगला मेल कर, ‘आम्ही असं समजलो, बरोबर ना?’ मंजुरी देणाऱ्या तिघांचंही उत्तर लेखी माग. ‘हेही ठेवा आणि तेही ठेवा’ असं उत्तर आलं, तर ब्रीफ अजून लिहूनच झालेला नाही. अशा वेळी मंगळवारची मीटिंग पुढे ढकलायला सांग.